फोल्डरमध्ये स्कॅन करण्याची सोय दर सहा आठवड्यांनी बंद पडते तेव्हा

प्रिंटरच्या कंट्रोल पॅनलवरून कागद स्कॅन करून तो थेट संगणकावरच्या शेअर केलेल्या फोल्डरमध्ये पाठवण्याची सोय एकदा नीट बसवली की ती विनातक्रार चालत राहावी, अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी ती काही आठवडे चालते, मग एके दिवशी पॅनलवर ‘ओळख पटली नाही’ किंवा ‘जोडणी झाली नाही’ अशा आशयाचा संदेश येतो, कोणीतरी पासवर्ड नव्याने भरते, काम सुरू होते आणि काही आठवड्यांनी तेच पुन्हा घडते. या लेखात अशा एकाच बिघाडाचा माग सविस्तर मांडला आहे, कारण त्याचे मूळ सहसा कोणी शोधतो तिथे नसते आणि तात्पुरत्या दुरुस्तीतच पुढच्या बिघाडाची तारीख ठरून जाते.

मी पाहिलेले प्रकरण एका लहान कार्यालयातले आहे. तिथे एक मल्टिफंक्शन प्रिंटर असून सर्व स्कॅन स्वागतकक्षातल्या विंडोज ११ प्रो संगणकावरच्या एका फोल्डरमध्ये जात होते. सोय बसवणाऱ्याने एक चांगली गोष्ट केली होती. कोणा कर्मचाऱ्याचे खाते न वापरता त्याने केवळ प्रिंटरसाठी `scanuser` नावाचे वेगळे स्थानिक खाते कमांडने तयार केले होते आणि तेच नाव व पासवर्ड प्रिंटरच्या ॲड्रेस बुकमध्ये साठवले होते. ही मांडणी ६ जानेवारीला, सोमवारी, सकाळी अकराच्या सुमारास पूर्ण झाली. १७ फेब्रुवारीला दुपारी स्कॅन जाणे बंद झाले. कार्यालयातल्या एकाने खात्याला नवा पासवर्ड दिला, तो प्रिंटरमध्ये भरला आणि काम सुरू झाले. ३१ मार्चला पुन्हा तेच झाले.

दोन्ही वेळा सोमवार होता, आणि या एका योगायोगाने सर्वांची दिशाभूल केली. शनिवार-रविवार संगणक व राउटर बंद असतात, त्यामुळे सोमवारी संगणकाला नवा आयपी पत्ता मिळत असावा आणि प्रिंटर जुन्याच पत्त्यावर हाक मारत असावा, असा तर्क मांडला गेला. तर्क वावगा नव्हता. राउटरकडून आपोआप मिळणारा पत्ता बदलणे हे या प्रकारच्या बिघाडाचे खरोखरच नेहमी आढळणारे कारण आहे. म्हणून संगणकाला कायमचा पत्ता देण्याचे ठरत होते. परंतु दोन गोष्टी या तर्कात बसत नव्हत्या. पहिली म्हणजे दोन्ही सोमवारी सकाळचे स्कॅन व्यवस्थित पोहोचले होते आणि बिघाड त्यानंतर सुरू झाला होता. पत्ता बदलला असता तर संगणक सुरू झाल्यापासूनच एकही स्कॅन गेला नसता. दुसरी म्हणजे मधले पाच सोमवार काहीही न होता गेले होते.

पत्त्याचा संशय फेडायला फार वेळ लागत नाही. स्वागतकक्षातल्या संगणकावर `ipconfig` चालवून दिसणारा पत्ता आणि प्रिंटरच्या ॲड्रेस बुकमधला पत्ता शेजारी ठेवून पाहिले. दोन्हीकडे `192.168.1.24` हाच होता. त्यानंतर त्याच नेटवर्कवरच्या दुसऱ्या संगणकावरून पॉवरशेलमध्ये पुढील चाचणी घेतली. फोल्डर शेअर करण्याचा एसएमबी हा प्रोटोकॉल ४४५ क्रमांकाच्या पोर्टवर चालतो, म्हणून तेच पोर्ट तपासायचे असते.

```
Test-NetConnection -ComputerName 192.168.1.24 -Port 445
```

उत्तराच्या शेवटच्या ओळीत `TcpTestSucceeded : True` असे आले. म्हणजे संगणक जागा होता, फायरवॉल अडवत नव्हती आणि हाक योग्य दारापर्यंत पोहोचत होती. येथे `False` आले असते, तर पासवर्डचा विचार बाजूला ठेवून आधी तीन गोष्टी पाहाव्या लागल्या असत्या: संगणक निद्रावस्थेत गेला आहे का, तो केबलऐवजी वाय-फायवरून जोडला जाऊन वेगळा पत्ता घेऊन बसला आहे का, आणि विंडोजने त्या नेटवर्कची नोंद खासगीऐवजी सार्वजनिक अशी केली आहे का, कारण सार्वजनिक नेटवर्कवर विंडोजची फायरवॉल सामान्यतः फोल्डर शेअरिंगसाठी येणाऱ्या जोडण्या स्वीकारत नाही. हे शेवटचे `Get-NetConnectionProfile` या कमांडने लगेच समजते.

दार उघडे आहे एवढे कळल्यावर पुढचा प्रश्न असा की आत प्रवेश का नाकारला जातो. इथे प्रिंटरच्या पॅनलवर फारसे विसंबून राहता येत नाही. पुष्कळ यंत्रे चुकीचा पासवर्ड, कुलूपबंद खाते, मुदत संपलेला पासवर्ड आणि फोल्डरवर नसलेली परवानगी या चारही अडचणींसाठी एकच मोघम संदेश दाखवतात. म्हणून प्रिंटर जे करतो तेच एखाद्या दुसऱ्या संगणकावरून स्वतः करून पाहावे, हा माझ्या मते या सगळ्या शोधातला सर्वांत उपयोगी टप्पा आहे. त्यासाठी कमांड प्रॉम्प्टमध्ये, प्रिंटरमध्ये भरलेले नेमके तेच नाव आणि तोच पत्ता वापरून पुढीलप्रमाणे जोडणी करावी. शेवटच्या चांदणीमुळे पासवर्ड वेगळा विचारला जातो आणि तो पडद्यावर दिसत नाही.

```
net use \\192.168.1.24\scan /user:RECEPTION\scanuser *
```

विंडोज इथे नकाराचे कारण क्रमांकाने सांगते, आणि तो क्रमांक पॅनलवरच्या संदेशापेक्षा कितीतरी नेमका असतो. `System error 53` आले तर संगणकापर्यंतच पोहोचता आलेले नाही. `67` आले तर संगणक सापडला, पण शेअरचे नाव चुकले आहे. `86` किंवा `1326` म्हणजे नाव अथवा पासवर्ड जुळत नाही. `1909` म्हणजे वारंवार चुकीचे प्रयत्न झाल्याने खाते कुलूपबंद झाले आहे. `5` म्हणजे ओळख पटली, पण परवानगी नाही. `1219` आले तर गोंधळू नये. त्या दुसऱ्या संगणकाने आधीच वेगळ्या नावाने तीच जोडणी उघडलेली असते, ती `net use \\192.168.1.24\scan /delete` ने बंद करावी आणि पुन्हा प्रयत्न करावा.

आमच्या प्रकरणात आलेला क्रमांक यांपैकी कोणताच नव्हता. तो `1330` होता, आणि त्याचा अर्थ या खात्याच्या पासवर्डची मुदत संपली आहे, असा होतो. पासवर्ड बरोबर होता, खाते शाबूत होते, फक्त पासवर्ड शिळा झाला होता. मग ज्या संगणकावर फोल्डर आहे तिथे पुढील दोन कमांड चालवल्या.

```
net accounts
net user scanuser
```

पहिल्या कमांडच्या उत्तरात `Maximum password age (days)` या ओळीसमोर `42` होते. विंडोजमध्ये स्थानिक खात्यांसाठी ही मूळचीच मर्यादा आहे. ती कोणी मुद्दाम घातलेली नसते. दुसऱ्या कमांडच्या उत्तरात `Password last set` पुढे १७ फेब्रुवारीची आणि `Password expires` पुढे ३१ मार्चची तारीख व वेळ होती. ६ जानेवारीपासून ४२ दिवस मोजले की १७ फेब्रुवारी येते, आणि तिथून पुढे ४२ दिवस मोजले की ३१ मार्च. बेचाळीस दिवस म्हणजे बरोबर सहा आठवडे असल्याने ज्या वारी दुरुस्ती होते त्याच वारी पुढचा बिघाड येतो, म्हणून सगळे सोमवार. मुदत दिवसाच्या आरंभी संपत नाही, तर ज्या वेळी पासवर्ड ठेवला होता त्या वेळी संपते, म्हणून सकाळचे स्कॅन गेले आणि नंतरचे अडले.

ही मुदत एरवी कोणाच्या लक्षात का येत नाही, हे समजून घेण्यासारखे आहे. माणूस ज्या खात्याने पडद्यासमोर बसून प्रवेश करतो, त्या खात्याची मुदत संपली की विंडोज त्याला नवा पासवर्ड ठेवण्यास सांगते, आणि प्रकरण तिथेच मिटते. `scanuser` या खात्याने पडद्यासमोर कोणीच कधी बसत नाही. सूचना दाखवायला समोर माणूस नसतो, आणि प्रिंटरला साठवलेला पासवर्ड पाठवण्यापलीकडे काही करता येत नाही. तो पासवर्ड बदलण्याची विनंती स्वीकारू शकत नाही. शिवाय सेटिंग्जच्या पडद्यांवर ही मुदत कुठे ठळकपणे दिसत नाही. `net user scanuser /add` अशा कमांडने खाते तयार केले की मुदतीची मूळ मर्यादा त्याला निमूटपणे लागू होते. त्यामुळे नवा पासवर्ड ठेवून प्रश्न सुटला असे वाटते, पण त्या कृतीने केवळ पुढचे ४२ दिवस सुरू होतात.

उपाय एका ओळीचा आहे. फोल्डर असलेल्या संगणकावर पॉवरशेल प्रशासक म्हणून उघडून पुढील कमांड द्यावी.

```
Set-LocalUser -Name scanuser -PasswordNeverExpires $true
```

ही कमांड दिल्यावर प्रिंटरला हात न लावता लगेच एक स्कॅन पाठवून पाहावा, असे मी आग्रहाने सांगतो. निदान बरोबर असेल तर साठवलेला जुना पासवर्डच पुन्हा चालू लागतो, कारण तो मुळात चुकीचा नव्हता. याउलट, घाईने प्रिंटरमध्येही पासवर्ड नव्याने भरला तर स्कॅन नेमका कशामुळे सुरू झाला हे कळत नाही, आणि खरे कारण दुसरेच असेल तर ते झाकले जाते. आमच्याकडे प्रिंटरमध्ये एकही अक्षर न बदलता पहिलाच स्कॅन पोहोचला. त्यानंतर `net user scanuser` च्या उत्तरात `Password expires` समोर `Never` असे दिसले. याची खात्री करण्यासाठी पुढचे सहा आठवडे वाट पाहावी लागत नाही.

काही जण याऐवजी `net accounts /maxpwage:unlimited` ही कमांड सुचवतात. तिने प्रश्न सुटतो हे खरे, पण ती त्या संगणकावरच्या सर्व स्थानिक खात्यांची मुदत काढून टाकते. एका प्रिंटरच्या खात्यासाठी इतके करणे मला योग्य वाटत नाही. त्या एका खात्यालाच सूट द्यावी आणि त्या सुटीची भरपाई इतर मार्गांनी करावी: पासवर्ड लांब ठेवावा, खाते प्रशासकांच्या गटात कदापि टाकू नये, आणि त्याला केवळ त्या एकाच फोल्डरचा अधिकार द्यावा. अधिकार देताना दोन ठिकाणी द्यावा लागतो, एकदा शेअरच्या परवानग्यांत आणि एकदा फोल्डरच्या सुरक्षा परवानग्यांत; दोन्हींपैकी जो अधिक कडक असतो तो लागू होतो. सुरक्षा परवानग्यांत केवळ लिहिण्याचा अधिकार न देता `Modify` द्यावा, कारण काही प्रिंटर आधी तात्पुरत्या नावाने फाइल लिहितात आणि मग तिचे नाव बदलतात. नुसत्या लिहिण्याच्या अधिकारावर ते अडतात आणि फोल्डरमध्ये अर्धवट फाइली साठत राहतात.

जिथे फोल्डर एखाद्या संस्थेच्या डोमेनवरच्या सर्व्हरवर आहे, तिथे मुदतीची मर्यादा संगणकावर नसून डोमेनच्या धोरणात असते. वरची कमांड तिथे लागू पडत नाही. अशा वेळी त्या खात्यापुरती सूट डोमेन सांभाळणाऱ्याकडूनच मागावी लागते, आणि ती मागताना `1330` हा क्रमांक व पासवर्ड शेवटचा ठेवल्याची तारीख सोबत दिली तर चर्चा फार थोडक्यात आटोपते.

अंतर ४२ दिवसांचे नसेल, तर तेच अंतर पुढच्या शोधाची दिशा दाखवते, म्हणून प्रत्येक बिघाडाची तारीख, वेळ आणि त्या दिवशी केलेली दुरुस्ती प्रिंटरजवळच एका कागदावर लिहून ठेवण्याची सवय लावावी. बिघाड एखाद्या कर्मचाऱ्याने स्वतःचा पासवर्ड बदलल्यानंतर येत असेल, तर प्रिंटर त्याचेच खाते वापरत आहे हे उघड आहे. अशा मांडणीत आणखी एक धोका असतो. प्रिंटर जुना पासवर्ड पुनःपुन्हा पाठवत राहतो आणि खाते कुलूपबंद होते, त्यामुळे तो कर्मचारी स्वतःच्या संगणकाबाहेर अडकतो. त्याला विंडोजमध्ये पिन वापरण्याची सवय असेल तर गोंधळ वाढतो, कारण पिन केवळ त्या संगणकासमोर बसूनच चालतो. नेटवर्कवरून येणाऱ्या प्रिंटरला तो देऊन उपयोग नाही.

बिघाड विंडोजच्या मोठ्या अद्ययावतीकरणानंतर येत असेल, तर कारण एसएमबीच्या आवृत्तीत शोधावे. २०१७ च्या शरद ऋतूत आलेल्या विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून नव्या विंडोजमध्ये एसएमबीची पहिली आवृत्ती फोल्डर शेअर करण्यासाठी मुळात बसवलेली नसते, आणि जुने प्रिंटर फक्त तीच आवृत्ती जाणतात. कोणी ती विंडोज फीचर्समधून हाताने सुरू केली, तरी तिच्यासोबत येणारा `SMB 1.0/CIFS Automatic Removal` हा भाग, ती १५ दिवस वापरात नसल्यास, तिला पुन्हा काढून टाकतो; संगणक बंद असलेले दिवस यात धरले जात नाहीत. संगणक चालू, पण स्कॅनिंग बंद, असा मोठा काळ गेल्यावर बिघाड येण्याचे हे एक कारण आहे. तरीही ही आवृत्ती कायम सुरू ठेवण्याचा सल्ला मी देणार नाही, कारण मे २०१७ मध्ये जगभर पसरलेले वॉनाक्राय हे खंडणीखोर सॉफ्टवेअर याच आवृत्तीतल्या त्रुटीवाटे संगणकांत शिरले होते. त्याऐवजी प्रिंटरचे फर्मवेअर अद्ययावत करून त्यात दुसरी वा तिसरी आवृत्ती मिळते का हे पाहावे. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत आणखी एक बदल झाला. प्रो आणि त्यावरच्या आवृत्त्यांमध्ये प्रत्येक एसएमबी जोडणीवर स्वाक्षरी असणे सक्तीचे झाले, आणि स्वाक्षरी न करू शकणारा प्रिंटर, पासवर्ड बरोबर असूनही, नाकारला जाऊ लागला. ही सक्ती लागू आहे का हे पुढील कमांडने समजते.

```
Get-SmbServerConfiguration | Select EnableSMB1Protocol, RequireSecuritySignature
```

ज्यांना दुसऱ्या संगणकावरून चाचणी घेणे शक्य नाही, त्यांना हाच पुरावा फोल्डर असलेल्या संगणकाच्या नोंदवहीत सापडू शकतो. त्यासाठी आधी `auditpol /set /subcategory:"Logon" /failure:enable` ही कमांड प्रशासक म्हणून चालवून अयशस्वी प्रयत्नांची नोंद सुरू करावी, एक स्कॅन पाठवावा, आणि इव्हेंट व्ह्यूअरच्या सुरक्षा विभागात ४६२५ क्रमांकाची नोंद शोधावी. त्या नोंदीत प्रयत्न कोणत्या आयपी पत्त्यावरून आला हे असते, त्यामुळे तो प्रिंटरचाच आहे याची खातरजमा होते. `Status` किंवा `Sub Status` समोर `0xC0000071` असेल तर मुदत संपली आहे, `0xC000006A` असेल तर पासवर्ड चुकला आहे, आणि `0xC0000064` असेल तर त्या नावाचे खातेच तिथे नाही. अशी एकही नोंद दिसली नाही, तर हाक ओळख पटवण्याच्या टप्प्यापर्यंत आलेली नसते, आणि मग पुन्हा पत्ता, पोर्ट व एसएमबीची आवृत्ती यांकडे वळावे.

फोल्डरऐवजी ईमेलवर स्कॅन पाठवणाऱ्यांनाही नेमका असाच आवर्ती बिघाड भेटतो, कारण तिथेही प्रिंटर साठवलेल्या नावाने आणि पासवर्डाने दुसऱ्याच्या दारात उभा असतो. जीमेलच्या बाबतीत प्रिंटरमध्ये खात्याचा नेहमीचा पासवर्ड चालत नाही. द्विस्तरीय पडताळणी सुरू करून मिळणारा १६ अक्षरांचा ॲप पासवर्ड भरावा लागतो. खात्याचा मुख्य पासवर्ड बदलला की आधी दिलेले ॲप पासवर्ड रद्द होतात, आणि ज्याने मुख्य पासवर्ड बदलला त्याला प्रिंटरची आठवण असतेच असे नाही. तेव्हा ईमेल बंद पडल्याच्या तारखेच्या आसपास कोणी खात्याचा पासवर्ड बदलला होता का, हा प्रश्न सर्वांत आधी विचारावा आणि मगच पोर्ट ५८७ की ४६५ या तपासणीकडे जावे. वीज गेल्यानंतर ईमेल बंद पडत असेल तर प्रिंटरच्या पॅनलवरची तारीख पाहावी. ती अनेक वर्षे मागे गेली असेल, तर मेल सर्व्हरचे प्रमाणपत्र प्रिंटरच्या दृष्टीने अजून वैध झालेलेच नसते, आणि प्रमाणपत्र तपासणारा प्रिंटर पासवर्ड पाठवण्यापूर्वीच जोडणी तोडतो. प्रिंटरच्या सेटिंगमध्ये वेळेचा सर्व्हर भरला की तारीख आपोआप जुळते आणि हा बिघाड पुन्हा येत नाही.